डब्ल्यू., मग पुसट, मग ई-आर: एका स्मर्फच्या तळव्याचं वाचन

पाच सेंटीमीटर उंचीचा, तोंडाला तुतारी लावलेला निळा स्मर्फ माझ्याकडे एका मिश्र गठ्ठ्यातून आला. सोबत डबा नाही, चिठ्ठी नाही, आधीचा मालक कोण याचा पत्ता नाही. अशा वेळी बाहुलीजवळ स्वतःची म्हणून एकच कागदपत्रं असतात, ती म्हणजे पायाच्या तळव्यावर साच्यातून उमटलेली अक्षरं. पेयो या बेल्जियन चित्रकाराने १९५८ साली स्मर्फ जन्माला घातले आणि श्लाइश या जर्मन कंपनीने १९६५ पासून त्यांच्या पीव्हीसीच्या बाहुल्या काढायला सुरुवात केली, एवढं मला ठाऊक होतं. पण श्लाइशनेच सगळे स्मर्फ केले असं नाही. सत्तरच्या दशकात काही काळ बुली नावाच्या दुसऱ्या जर्मन कंपनीनेही केले, आणि तीच ठेवण दोन्ही नावांखाली सापडू शकते. शिवाय कोणाचंच नाव नसलेल्या नकलांना तोटा नाही. त्यामुळे चेहरा बघून ‘हा श्लाइशचा’ म्हणण्याला फारसा अर्थ नव्हता. तळवे वाचायलाच हवे होते.

आधी धुणं. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब आणि लहान मुलांचा मऊ टूथब्रश. यापलीकडे काही लावायचं नाही. नेलपॉलिश काढायच्या द्रवाने तळवा लख्ख होईल असा मोह होतो, पण त्यातलं ॲसिटोन रंग तर उतरवतंच, पीव्हीसीलाही मऊ आणि चिकट करतं. एक मिलिमीटर उंचीच्या अक्षराची कड एकदा विरघळली की ती परत येत नाही.

धुतल्यावर दिसलं ते असं. स्मर्फ बहुतेक निळ्या पीव्हीसीत ओतलेले असतात आणि त्यांची पांढरी विजार व टोपी वरून रंगवलेली असते. तळवा मात्र सहसा रंगवत नाहीत, तो निळाच राहतो. माझ्या स्मर्फच्या उजव्या तळव्यावर कडेने पांढरा रंग ओघळला होता आणि त्याने अक्षरांची सुरुवात बुजवली होती. डाव्या तळव्यावर रंग नव्हता, पण टाचेकडचा भाग झिजून गुळगुळीत झालेला होता. दोन्ही तळव्यांवरची अक्षरं उठावाची होती, म्हणजे बोटाला लागणारी.

हा उठाव आणि खोलगटपणाचा फरक मी आधी नोंदवते, कारण त्यातून साच्याचं वागणं कळतं. बाहुलीवर अक्षर उठून आलेलं असेल तर साच्याच्या धातूत ते खोल कोरलेलं असतं. तयार साच्यात नंतर एखादी ओळ वाढवायची झाली तर कोरणं सर्वांत सोपं, म्हणून मागाहून आलेल्या ओळी बहुधा उठावाच्याच दिसतात. उलट, उठावाची जुनी ओळ काढून टाकायची तर साच्यातला खड्डा भरून घासावा लागतो, आणि त्या भरावाची खूण बाहुलीवर कुठेतरी उरते: सभोवतालच्या पोतापेक्षा जास्त सपाट दिसणारा चौकोन किंवा किंचित उंचवटा. जिथे काहीच लिहिलेलं नाही तिथेही बघावं लागतं ते यामुळे.

वाचायला वरून पडणारा उजेड काही कामाचा नाही. खोलीतला दिवा बंद केला, मोबाइलचा कॅमेरा तळव्याच्या बरोबर वर स्थिर ठेवला आणि एक छोटी टॉर्च जवळजवळ टेबलाला टेकवून बाजूने धरली. उजेड तळव्याला घासत गेला पाहिजे, त्यावर पडता कामा नये. मग प्रत्येक उठावाची सावली पडते आणि नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या रेघा उभ्या राहतात. पण एका दिशेने काढलेल्या फोटोवर विसंबू नये. ज्या रेघेला उजेड समांतर जातो तिची सावलीच पडत नाही. डावीकडून उजेड टाकला की अक्षराच्या उभ्या रेघा ठसठशीत येतात आणि आडव्या गायब होतात. वरून म्हणजे पंजाच्या टोकाकडून टाकला की उलट होतं. इंग्रजी ई एका फोटोत नुसती उभी काठी आणि दुसऱ्यात एकाखाली एक तीन तुटक रेघा अशी दिसते. मी चारही बाजूंनी फोटो काढले, मोबाइलमध्येच काळेपांढरे केले आणि एका ओळीत लावून अक्षरनिहाय वाचले.

उजवा तळवा तसा लवकर सुटला. रंगाच्या ओघळाखाली वर्तुळातला कॉपीराइटचा सी, त्यापुढे पेयो हे नाव आणि खाली साल: एक, नऊ, सात आणि शेवटचा आकडा रंगाच्या थराखाली. तो आकडा कुठल्याच फोटोत उलगडला नाही. तीन असेल, आठ असेल, दोन्हींच्या उजवीकडच्या गोलाया सारख्याच आणि डावी बाजू रंगाखाली. टाचणीने रंग खरवडायचा विचार मी लगेच बाद केला. साच्याच्या खुणेसाठी मूळ रंग खाणं हा उफराटा व्यवहार आहे, आणि पुढे कळलं की त्या आकड्यावाचून फारसं अडणारही नव्हतं.

दोन पायांच्या मधल्या पट्टीवर एकटाच ४ होता. ‘मालिका चार’ असं नवीन माणसाला हमखास वाटावं अशी ही जागा. पण एकाच साच्यात एकाच ठेवणीचे अनेक खळगे असतात, एका फेरीत तितक्या बाहुल्या पडतात, आणि कुठल्या खळग्यातला माल बिघडतोय हे कळावं म्हणून प्रत्येक खळग्याला आकडा देतात. एकटा, नावापासून दूर, एक किंवा दोन अंकी आकडा दिसला की आधी हीच शंका घ्यावी. श्लाइशच्या स्मर्फांना मालिकेचे क्रमांक आहेत, पण ते पाच अंकी असतात. साधे, एकसंध स्मर्फ २०००० च्या घरात, आणि सुटं सामान घेऊन डब्यात येणारे ‘सुपर स्मर्फ’ ४०२०० च्या पुढे. हे क्रमांक यादीत आणि पॅकिंगवर असतात. तळव्यावर ते शोधत बसण्यात अर्थ नाही.

मग मालिका कशी ठरवायची? बाहुलीच्या घडणीवरून. सुपर स्मर्फच्या हातातली वस्तू वेगळी ओतलेली असते, म्हणून मुठीत आरपार भोक किंवा खाच सापडते आणि वस्तू हरवली तर मूठ रिकामी राहते. माझ्या स्मर्फची तुतारी हाताशी आणि ओठांशी एकजीव होती. साच्याच्या दोन अर्ध्या भागांमधली बारीक जोडरेषा दंडावरून निघून तुतारीच्या नळीवरून सलग पुढे गेलेली भिंगातून दिसली. तुतारी नंतर चिकटवलेली असती तर ती रेघ मुठीपाशी तुटली असती. म्हणजे हा साध्या मालिकेतला, २०००० च्या घरातला. हे उत्तर मला अक्षरांनी दिलं नाही, पण अक्षरांशेजारच्या आकड्याने जी दिशाभूल केली असती ती टळली.

आता डावा तळवा. खरी गंमत तिथे होती.

पहिली ओळ स्वच्छ: श्लाइश, आणि त्याच्या शेजारी एकटा एस, हा त्यांच्या चिन्हातला. दुसरी ओळ: हाँगकाँग. तिसरी ओळ टाचेकडे, झिजलेल्या भागात. तिच्यात सुरुवातीला डब्ल्यू आणि टिंब वाचता येत होतं. त्यापुढचं अक्षर पुसट. मग ई, मग आर. पुढे चार-पाच अक्षरांचा गोंधळ.

स्मर्फच्या तळव्यावर डब्ल्यू. नंतर काय असतं हे ज्याने चार स्मर्फ पाहिलेत तो झोपेतही सांगेल: डब्ल्यू. जर्मनी, म्हणजे वेस्ट जर्मनी. श्लाइश तिथलीच. बाहुली हाँगकाँगमध्ये ओतलेली असली तरी कंपनीच्या नावाखाली तिचा देश येतो, त्यामुळे एका तळव्यावर दोन देश दिसले म्हणून गडबडायचं कारण नसतं. एक मालकाचा पत्ता, दुसरा कारखान्याचा. पण याच जागी आणखी एक डब्ल्यू. येऊ शकतो. वॉलेस बेरी ही कॅलिफोर्नियातली कंपनी. तिने १९७९ मध्ये अमेरिकेत स्मर्फ आणले आणि तिच्या मालावर डब्ल्यू. बेरी कं. अशी ओळ असते. रोमन लिपीत जर्मनी आणि बेरी या दोन्ही शब्दांचं दुसरं अक्षर ई आणि तिसरं आर आहे. म्हणजे मला वाचता येत होतं तेवढं दोन्हीकडे तंतोतंत जुळत होतं.

आणि या दोन वाचनांत फरक साधा नाही. जर्मनी असेल तर ही बाहुली सत्तरच्या दशकातल्या कुठल्याही वर्षाची असू शकते, युरोपात विकलेली असू शकते. बेरी असेल तर ती १९७९ च्या आधी ओतलेली असूच शकत नाही, मग उजव्या तळव्यावर साल काहीही असो.

पहिल्या अक्षराला मी हात घातला नाही. जी आणि बी दोन्ही गोलसर, झिजल्यावर दोन्ही सारखेच. उपयोगी पडणार होतं चौथं आणि पाचवं अक्षर. जर्मनीत चौथा एम आहे, म्हणजे दोन उभ्या रेघा आणि भरपूर रुंदी. बेरीत पुन्हा आर, म्हणजे एकच उभी रेघ, आणि त्याच्यानंतर आय, म्हणजे नुसती काठी. प्रश्न उभ्या रेघांचा होता, त्यामुळे उजेड डावीकडून आणि मग उजवीकडून हवा होता. दोन्ही फोटोंत तिसऱ्या अक्षराच्या आरची उभी रेघ दिसली, तिच्यानंतर तेवढ्याच अंतरावर आणखी एक, आणि मग नेहमीपेक्षा कमी अंतरावर तिसरी. आर, आर, आय. एम असता तर त्याच्या दोन रेघांमध्ये तिरक्या रेघांचा व्ही दिसायला हवा होता, आणि त्यानंतर येणाऱ्या ए ला उभी रेघच नसल्याने तिथे सावलीची पोकळी पडली असती.

तरीही फोटोवरचं वाचन मी फोटोवरच सोडत नाही, कारण डोळ्यांना जे हवं असतं ते सावल्यांत सापडतं. दुसरी पद्धत घासून ठसा घेण्याची. अगदी पातळ कागद, मिठाईच्या डब्यात असतो तसा बटरपेपर नव्हे तर सिगरेटचा किंवा ट्रेसिंगचा, तळव्यावर ताणून धरायचा आणि मऊ पेन्सिलचं टोक आडवं करून हलके फिरवायचं. उठावावर शिसं चढतं, खोलगट भाग पांढरा राहतो. कागद हलला तर सगळं दोनदा उमटतं, म्हणून तो दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीने बाहुलीच्या पायाला नाही, तर खालच्या लाकडी ठोकळ्याला बांधला. पट्टी रंगावर लावली की रंग पट्टीबरोबर निघतो. अक्षरं खोलगट असती तर ही पद्धत जमली नसती. तिथे बोटभर टाल्कम पावडर चोळून वरचेवर पुसायची, म्हणजे खाचांत पांढरं राहतं.

ठशात टाचेकडचा भाग फिका आला, पण एक गोष्ट फोटोंपेक्षा स्पष्ट झाली: ओळीच्या शेवटी थोडी मोकळी जागा सोडून दोन छोटी अक्षरं, त्यातलं दुसरं बंद वर्तुळ. कं. साठीचे सी आणि ओ. जर्मनी हा शब्द मोकळी जागा सोडून असा संपत नाही.

इथवरचे फोटो आणि ठसा मी माझ्या ओळखीच्या एका काकांना पाठवला. ते स्मर्फ गोळा करतात आणि बोलायला फार कमी. त्यांनी उलट प्रश्न विचारला.

“तिसऱ्या ओळीची अक्षरं वरच्या दोन ओळींएवढीच आहेत का गं?”

मी मोजली नव्हती. भिंगाखाली पट्टी धरली. श्लाइश आणि हाँगकाँग एका मापाचे, बेरीची ओळ त्यांच्यापेक्षा बारीक आणि किंचित तिरपी, टाचेच्या गोलाईकडे झुकलेली.

“मग ती नंतर कोरलेली आहे,” काका म्हणाले. “साचा जुना, अमेरिकेचं गिऱ्हाईक नवं. त्या साच्यातून बेरीच्या आधीही तुतारीवाले पडले असणार. तुझा त्यातला नाही, एवढंच.”

“आणि साल?”

“साल रचनेचं आहे, ओतल्याचं नाही. ते कशाला बदलतील?”

हेच सगळ्यात जास्त लोकांना फसवतं. कॉपीराइटच्या खुणेपुढचं साल म्हणजे ती ठेवण कधी नोंदवली ते. त्या साच्यातून दहा वर्षांनी पडलेल्या बाहुलीवरही तेच साल येतं. म्हणून तळव्यावरच्या सगळ्या खुणांत जी सर्वांत अलीकडची, तिच्यावरून बाहुली ज्याच्या आधीची असू शकत नाही ती कड धरायची. माझ्या बाबतीत ती कड १९७९. १९७ आणि पुढे बुजलेला आकडा, तो तीन असो वा आठ, या कडेच्या आधीच पडतो.

दुसरी, पलीकडची कड मात्र इतकी पक्की मिळत नाही. वॉलेस बेरीने ॲप्लॉज ही कंपनी विकत घेतली आणि १९८६ मध्ये स्वतःचंही नाव ॲप्लॉज करून टाकलं. त्यामुळे बेरीचं नाव असलेला माल साधारण त्याआधीचा, असं म्हणता येतं. पण नाव बदललं म्हणून कोणी धावत जाऊन साचा भरत नाही. जुनी ओळ तशीच ठेवून काही काळ माल निघत राहू शकतो. वेस्ट जर्मनीच्या ओळीचंही तसंच: १९९० मध्ये दोन्ही जर्मनी एक झाले, तेव्हा ती ओळ असलेली बाहुली त्याआधीची असणार ही चांगली अटकळ आहे, शपथ नाही. सीई हे युरोपीय खेळण्यांवरचं चिन्ह १९९० पासूनच्या नियमांमधलं, म्हणून ते तळव्यावर असेल तर बाहुली त्याच्या आधीची नाही. नसेल तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण लहान खेळण्याच्या बाबतीत ते पॅकिंगवर छापलेलं चालतं. माझ्या स्मर्फवर सीई नव्हतं आणि मी ते जमेस धरलं नाही.

टाचेजवळ एक रंगाचा ठिपकाही होता. तो साच्यातला नाही, रंगवणाऱ्यांनी दिलेला आहे, म्हणून तो मी वेगळ्या रकान्यात लिहिते. बाहुली कुठे रंगवली याच्याशी त्याचा संबंध असू शकतो, साचा कोणाचा याच्याशी नाही.

एक शंका उरली होती: नक्कल. खऱ्या बाहुलीवरून साचा काढला तर तळव्यावरची अक्षरंसुद्धा जशीच्या तशी नकलेत उतरतात, अगदी कॉपीराइटच्या वर्तुळासकट. तेव्हा अक्षरं आहेत म्हणून बाहुली खरी, असं होत नाही. दोन गोष्टी नकलेला लपवता येत नाहीत. एक, कडा. प्रत्येक पिढीत अक्षराचे कोपरे गोल होत जातात, आरच्या पोटातलं छोटं भोक बुजतं. माझ्याकडे पहिल्या दोन ओळींत ही भोकं स्वच्छ उघडी होती, आणि टाचेचा पुसटपणा झिजेचा होता, कारण तो नेमका जिथे पाय टेकतो तिथेच होता. नकलेचा पुसटपणा असा जागा बघून येत नाही, सगळीकडे सारखा असतो. दोन, माप. पीव्हीसी थंड होताना आक्रसतं, त्यामुळे बाहुलीवरून केलेली बाहुली एक-दोन टक्क्यांनी तरी लहान निघते. पाच सेंटीमीटरमध्ये हा फरक अर्धा ते एक मिलिमीटर, म्हणजे पट्टीने नाही, व्हर्नियरने मोजायचा. त्यातही मऊ पीव्हीसी व्हर्नियरच्या जबड्यात दबतं आणि वाटेल ते माप देतं. म्हणून दोन्ही जबडे नुसते टेकतील इतकंच आवळायचं, आणि टोपीसारखा मऊ भाग सोडून दोन कडक जागांमधलं अंतर घ्यायचं. मी तुतारीच्या तोंडाचा व्यास आणि दोन्ही पायांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर घेतलं. काकांनी त्यांच्याकडच्या बेरीची ओळ नसलेल्या तुतारीवाल्यावर तीच दोन मापं घेतली. दोन्ही जुळली. त्यांच्या बाहुलीच्या टाचेवर, जिथे माझ्याकडे बेरीची ओळ आहे, तिथे नुसता निळा पोत आहे, भराव नाही की घासल्याची खूण नाही.

सालातल्या शेवटच्या आकड्यासाठी आता मी काकांच्या बाहुलीचा फोटो मागवू शकते. त्यांच्या उजव्या तळव्यावर रंग ओघळलेला नाही. फोटो येईल तेव्हा तो आकडा लिहीन. तोवर माझ्या वहीतली नोंद अशी आहे: तुतारीवाला, साधी मालिका. साचा श्लाइशचा, हाँगकाँग. रचना १९७०चं दशक. बेरीची ओळ मागाहून कोरलेली, म्हणून १९७९ किंवा नंतर. बहुधा १९८६ पूर्वी, पेन्सिलीने. खळगा ४.